धागा: पाच टक्के गॅसनं आग विझते कशी? हिशेब काही जुळत नाही

लातूरचा_हिशेबनीस
मंडळी, मी रसायनशास्त्र बारावीला सोडलं ते सोडलंच. पण महिनाभरापासून एक हिशेब डोक्यात घोळतोय.

ओळखीच्या एका पतसंस्थेच्या सर्व्हर रूममध्ये मार्चअखेरीस वायरिंग पेटलं. छताला लावलेला गॅस सुटला, मोठा फुस्स आवाज झाला आणि ज्वाळा म्हणे डोळ्याचं पातं लवायच्या आत गेल्या. सगळे खूश. पंधरा-वीस मिनिटांनी त्याच कपाटातून पुन्हा धूर, मागून ज्वाळा. शेवटी साधा बाटला आणून विझवलं. खोलीत नाकाला झोंबणारा आंबट वास होता, दोघांचे डोळे चुरचुरत होते.

गॅस बसवणारा सांगून गेला होता की हा हॅलोजनचा गॅस आहे, जुन्या हॅलॉनचा वारसदार. जुना हॅलॉन फक्त पाच टक्के भरला तरी आग विझायची. आता मी आकडे मांडतो. हवेत ऑक्सिजन 21 टक्के. पाच टक्के जागा गॅसनं घेतली तर उरला 19.95. एवढ्या हवेत मेणबत्ती आरामात जळते, माणूसही श्वास घेतो. मग आग कशानं विझली? आणि विझली होती तर परत कशी पेटली?

मंडपवाला_बीड
हॅलोजन? आमच्या मंडपात हजार वॅटचे हॅलोजन लागतात, त्यांनी दोनदा कनात जाळलीय. विझवताना मी तरी कधी बघितले नाहीत 😀

अण्णा_परतूर
@लातूरचा_हिशेबनीस, इतका विचार कामून करता? हा गॅस हवेपेक्षा जड असतो. आगीवर गोधडीसारखा पसरतो आणि ऑक्सिजन तोडतो. सीओटूचं तेच, ह्याचंही तेच. आमच्या गोदामात सीओटूचे चार बाटले आहेत.

लातूरचा_हिशेबनीस
अण्णा, गोधडीची गोष्ट उघड्यावरच्या बाटल्याला लागू होईल. इथे बंद खोलीत गॅस जोरानं सुटून सगळ्या हवेत मिसळतो. मिसळल्यावर खाली काय आणि वर काय, ऑक्सिजन 19.95 च. माझा प्रश्न त्या 19.95 चा आहे.

रसायनवेडी
हिशेबनीस, प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवतो. मी संभाजीनगरला कॉलेजात शिकवते, ज्वलन हा जुना नाद.

आधी तुलना बघा. हेप्टेन नावाच्या पेट्रोलसारख्या द्रवाची छोटी वाटी पेटवतात, भोवती काचेची नळी असते आणि खालून हवेत गॅस मिसळत नेतात. ज्योत कधी विझते ते बघायचं. नायट्रोजन साधारण 30 टक्के लागतो, म्हणजे ऑक्सिजन 14.7 वर येतो. सीओटू वीसच्या आसपास. हॅलॉन 1301 मात्र तीनच्या आसपास. तुमचे पाच टक्के म्हणजे या तीनवर ठेवलेली सुरक्षिततेची भर. तेव्हा अण्णांचं सीओटूबद्दल बरंचसं खरं आहे, हॅलॉनबद्दल नाही.

ज्योतीत इंधन आणि ऑक्सिजन थेट एकमेकांना भिडत नाहीत. मध्ये दलाल असतात. सुटे, अर्धवट, जोडीदार शोधणारे तुकडे: एकटा हायड्रोजन अणू H, एकटा ऑक्सिजन O, आणि OH. पुस्तकात यांना मुक्त मूलकं म्हणतात, आम्ही वर्गात रॅडिकलच म्हणतो. सगळ्यात महत्त्वाची पायरी ही:

`H + O2 → OH + O`

एक सुटा तुकडा आत गेला, दोन बाहेर आले. त्यातला O इंधनातल्या हायड्रोजनला फोडतो, पुन्हा दोन सुटे होतात. OH पाणी बनवतो आणि जाता जाता एक H मोकळा सोडतो. सगळं गोळाबेरीज केलं तर एका H चे तीन H होतात. तीनाचे नऊ, नवाचे सत्तावीस. ज्योत टिकते ती या वाढीवर. यातले H सगळ्यात हलके, म्हणून ते पुढच्या थंड, न पेटलेल्या वायूत पळत शिरतात आणि तिथे नवी वाढ सुरू करतात. ज्योत पुढे सरकते ती अशी.

हॅलॉन 1301 म्हणजे CF3Br. आगीत तो फुटतो, ब्रोमीन सुटतं, इंधनातला एक हायड्रोजन घेऊन HBr बनतं. मग:

```
H + HBr → H2 + Br
H + Br + M → HBr + M
```

M म्हणजे शेजारून जाणारा कुठलाही रेणू, जादा ऊर्जा घेऊन जाणारा. दोन्ही ओळी बेरजेला मांडा. दोन सुट्या H चा एक H2 झाला, आणि HBr होता तसा परत हातात आला. पुढच्या दोघांसाठी मोकळा.

सोयरीक_डॉट_माजलगाव
म्हणजे ब्रोमीन हा आमच्या आत्याचा नवरा. उंडारणारी पोरं धरायची, लग्नं लावून द्यायची, जेवून पुढच्या गावाला. स्वतः कुठं अडकायचं नाही.

रसायनवेडी
😂 हे उद्या वर्गात वापरणार.

सेलूचे_मास्तर
मॅडम, एक शंका. H2 हे तर स्वतःच इंधन आहे, आणि तेही भयंकर. दोन H चं H2 करून तुम्ही आगीला खाऊच दिला की. शिवाय दोन H जुळताना उष्णता बाहेर पडते. मग फायदा कुठे झाला?

रसायनवेडी
मास्तर, छान पकडलंत. उष्णता बाहेर पडते हे खरं. पण H2 हा शांत, जोडलेला रेणू आहे. त्याला जळायला पुन्हा कुणीतरी सुटा तुकडा येऊन फोडावा लागतो. ज्योतीला इंधनाची टंचाई कधीच नसते, वाटीत हेप्टेन भरलेलंच आहे. टंचाई करायची ती सुट्यांची. ऑक्सिजनला फोडणारा H मिळाला नाही की वाढीची पायरीच थांबते. लाकूडफाटा वाढला पण पेटवणारी काडी विझली, असं म्हणा.

आता ब्रोमीनच का, तेही सांगते, कारण पुढे हिशेबनीसांच्या गॅसचा प्रश्न इथेच येऊन अडकणार आहे. HBr चा बंध तोडायला मोलमागे सुमारे 366 किलोज्यूल लागतात. H2 जुळला की 436 परत मिळतात. सौदा फायद्याचा, म्हणून तो पटकन होतो आणि उलटा फिरत नाही. HCl ला 431 लागतात, म्हणजे जवळपास ना नफा ना तोटा. Cl तितक्याच सहज उलटा फिरतो आणि H2 मधून H पुन्हा सोडतो. HF ला सुमारे 570. तिथे H ची डाळ शिजतच नाही. फ्लोरीन एकदा HF झालं की संपलं, ते परत कामावर येत नाही.

कॅम्पसवाला_नांदेड
मॅडम, ब्रोमीन परत परत वापरलं जातं म्हणता, तर चिमूटभर पुरायला हवं. तीन टक्के तरी का लागतात? 0.01 टक्क्यात का नाही?

रसायनवेडी
कारण ज्योत ही साठलेली वस्तू नाही, वाहती आहे. वायू येतो, प्रक्रियेच्या पातळ पट्ट्यातून साधारण मिलिसेकंदाच्या हिशेबात बाहेर पडतो. तेवढ्या वेळात एक ब्रोमीन जी काही लग्नं लावेल ती लावेल, मग धुरासोबत वाहून जातं. नव्या हवेबरोबर नवं ब्रोमीन येत राहायला हवं.

दुसरं, सुरुवातीला थोड्या ब्रोमीननं ज्योतीचा वेग झपाट्यानं पडतो. नंतर सुट्यांची गर्दीच ओसरलेली असते, म्हणून तेवढ्याच जादा ब्रोमीनचा परिणाम कमी दिसतो. शेवटचा धक्का बऱ्याचदा साध्या उष्णता शोषण्यानं बसतो.

बंबवाला_निवृत्त
मी तीस-बत्तीस वर्षं बंबावर काढली. मॅडमचं रसायन खरं असेल, पण मैदानात आम्ही त्याला "ज्वाळामार" म्हणायचो, आगमार नाही. फरक कळला का? हॅलॉन 1211 चा बाटला इंजिनाच्या आगीवर मारला की ज्वाळा जादूसारखी जायची. पत्रा तसाच तापलेला आणि तेल सांडलेलं राहिलं की दोन मिनिटांत परत भडका. लोक बाटला टाकून टाळ्या वाजवत बसायचे.

हिशेबनीस, मला तीन गोष्टी सांगा. गॅस सुटल्यावर त्या खोलीची लाइट कोणी बंद केली का? दार किती वेळ बंद होतं? आणि नेमका गॅस कुठला, सिलिंडरवर काय लिहिलंय?

कपाशीवाला_मानवत
काका अगदी माझ्या मनातलं बोलले. आमची जिनिंग आहे. कपाशीत खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा आला की यंत्रात ठिणगी पडते, रुईला झटक्यात ज्वाळा लागते. वरवरची ज्वाळा कशानंही विझते हो. त्रास पुढं आहे. ठिणगी रुईबरोबर प्रेसमध्ये गेली की 170 किलोची गठाण आतून धुमसत राहते. बाहेरून पांढरीशुभ्र. हात लावला तर एका बाजूला कोमट. तीन-चार दिवसांनी गोदामात जळक्या कापडाचा वास येतो आणि तोवर शेजारच्या गठाणीही गेलेल्या असतात.

माझा प्रश्न: गोदामात असा गॅस बसवून घेऊ का? एक जण दर घेऊन आला होता.

रसायनवेडी
कपाशीवाले भाऊ, नका बसवू. मी वर जे सांगितलं ते सगळं ज्वाळेतलं, म्हणजे वायूतलं. गठाणीच्या आत ज्वाळा नाही. तिथे ऑक्सिजन कोळशासारख्या झालेल्या धाग्याच्या पृष्ठभागावर जाऊन जळतो. हवेतल्या H, O, OH ची साखळी त्या कामाला लागतच नाही, मग तोडायची काय? आणि घट्ट दाबलेल्या रुईत धाग्यांमधली हवा आधीच अडकलेली असते, तिथे गॅस पोचतोही उशिरा. वरची ज्वाळा जाईल, धुमसणं राहील.

बंबवाला_निवृत्त
गठाणीला एकच औषध. बाहेर उघड्यावर ओढायची, पट्ट्या तोडायच्या, फोडायची आणि आतपर्यंत पाणी. नुसतं वरून मारलेलं पाणी रुईवरून ओघळून जातं, त्यात साबणासारखं काही मिसळलं तर आत मुरतं. आणि संशय असलेली गठाण इतरांपासून लांब, निदान काही दिवस. पट्ट्या तोडताना समोर उभं राहू नका, सुटतात त्या.

अण्णा_परतूर
म्हणजे माझे सीओटूचे बाटलेही तुरीच्या पोत्यांवर बिनकामाचे?

बंबवाला_निवृत्त
अण्णा, बोर्डाच्या आगीला ठेवा. पोत्यांना पाण्याची पाइप.

लातूरचा_हिशेबनीस
उशीर झाला, सॉरी. कालच जाऊन बघून आलो.

काका, लाइट बंद झाली नव्हती. मेन पाडला, पण यूपीएसच्या बॅटऱ्या कपाटाला पुरवठा देतच होत्या. दार गॅस सुटल्यावर पाचेक मिनिटांत शिपायानं उघडलं, "आत कुणी अडकलंय का" बघायला. त्याला बोल लावता येत नाही. सिलिंडरवर एचएफसी-227ईए असं आहे. बसवणारा याला एफएम-200 म्हणत होता. खोली 5 बाय 4, उंची 3 मीटर.

रसायनवेडी
सापडलं. या गॅसच्या रेणूत तीन कार्बन, सात फ्लोरीन आणि एक हायड्रोजन आहे. ब्रोमीन नाही! "हॅलोजनचा गॅस" हे खरं, पण ज्या हॅलोजननं साखळी तुटत राहते ते यात नाहीच. फ्लोरीनचं वर सांगितलं: HF झालं की निवृत्त. तुटलेले तुकडे थोडेफार H गिळतात, पण प्रत्येक जण एकदाच. मुख्य काम उष्णता शोषण्याचं. मोठा, जड रेणू तापवायला आणि फोडायला ज्योतीला भरपूर ऊर्जा मोजावी लागते.

म्हणूनच वजन बघा. तुमची खोली 60 घनमीटर. हॅलॉन 1301 पाच टक्क्यांवर नेला असता तर सुमारे 20 किलो पुरला असता. हा गॅस आठ टक्के धरला तर सुमारे 38 किलो लागतो. सिलिंडरवर भराव किती लिहिलाय ते बघा. वीस-पंचवीस असेल तर कुणीतरी जुन्या हॅलॉनच्या मापानं दिलाय.

लातूरचा_हिशेबनीस
लेबलवर 40 किलो. म्हणजे गॅस पुरेसा होता.

सेलूचे_मास्तर
पण मॅडम, उष्णता शोषणं आणि साखळी तोडणं हे खरंच वेगळं का? तुम्हीच म्हणालात H आणि O2 ची पायरी वाढीची. ती गरम असतानाच होत असेल ना?

रसायनवेडी
मास्तर, तुम्ही खरं तर माझ्या जागी हवे होतात. त्या पायरीला मोलमागे 70 किलोज्यूलचा चढ चढावा लागतो, म्हणून थोडं तापमान उतरलं तरी ती खूप मंदावते. तिची सवत आहे:

`H + O2 + M → HO2 + M`

इथे तेच H आणि O2, पण दोनाऐवजी एकच तुकडा आणि तोही आळशी. हिला चढ नाही, थंडीतही चालते. तेव्हा ज्योत थंड केली की H आपोआप फुटीच्या रस्त्यावरून आळशी रस्त्यावर वळतात. म्हणजे नुसता नायट्रोजनसुद्धा शेवटी साखळीच मारतो, फक्त आडमार्गानं. ब्रोमीन दोन्ही बाजूंनी मारतं.

त्यामुळे "इतके टक्के रसायन, इतके टक्के थंडावा" असे जे आकडे विक्रेते सांगतात त्यांच्याकडे मी फार गंभीरपणे बघत नाही. वाटणी कशी करायची यावरच वाद घालता येतो.

कॅम्पसवाला_नांदेड
मग हे गॅस आगीला कधी मदतही करतात का? त्यात हायड्रोजन आहे, कार्बन आहे.

रसायनवेडी
करतात. विमानाच्या सामानकक्षासाठी हॅलॉनला पर्याय शोधताना अमेरिकेत फवाऱ्याचा डबा फुटल्यासारख्या चाचण्या झाल्या. पुरेसं प्रमाण नसताना काही पर्यायी गॅसांनी स्फोटाचा दाब कमी करायच्या ऐवजी वाढवला. अपुऱ्या मात्रेत तो रेणू जळायला हातभार लावतो. म्हणून अर्धी मात्रा म्हणजे अर्धा फायदा असं समजू नये. विमानांत अजून जुना, परत मिळवलेला हॅलॉन वापरतात तो काही हौसेनं नाही.

मंडपवाला_बीड
एवढा भारी होता तर हॅलॉन बंद कामून केला?

रसायनवेडी
ज्या गुणासाठी घेतला त्याच गुणासाठी. तो सहज फुटत नाही, वर चढत जातो, उंचावर सूर्याच्या किरणांनी ब्रोमीन सुटतं आणि तिथे ओझोनला तसंच पुन्हा पुन्हा गिळतं. स्वतः खर्च न होता. 1987 चा मॉन्ट्रियल करार, विकसित देशांत 1994 पासून उत्पादन बंद, आपल्यासारख्यांना 2010 पर्यंत मुदत.

जाता जाता, तुमच्या हॅलोजन दिव्यातही हाच स्वभाव. तारेतून उडालेलं टंगस्टन आयोडीन किंवा ब्रोमीन पकडून परत तारेवर आणून सोडतं आणि पुढच्याला आणायला जातं.

सोयरीक_डॉट_माजलगाव
आत्याचा नवरा विमानात, आभाळात आणि मंडपात. बीडवाल्यानं पहिल्याच पोस्टमध्ये बरोबर ओळखला होता.

मंडपवाला_बीड
कनातीचे पैसे कोण देणार मग, आत्या? 😀

बंबवाला_निवृत्त
कामावर येऊ. हिशेबनीस, मला वाटतं असं झालं. गॅसनं ज्वाळा मारली. कपाटातल्या वायरचं आवरण आतून तापलेलं, बॅटरीचा करंट चालू, म्हणजे ठिणगीचा कारखाना सुरूच. दार उघडलं, गॅस पातळ झाला, परत पेटलं. गॅस खोलीत दहा मिनिटं तरी टिकला पाहिजे, तेवढ्यात आतलं थंड व्हायला हवं. करंट चालू असेल तर ती दहा मिनिटंही वाया.

आंबट वासाचं माझं मत वेगळं. आम्हाला जळक्या प्लास्टिकचाही तसाच वास यायचा. त्यावरून गॅसला दोष देऊ नये.

रसायनवेडी
काका, इथे मी थोडी असहमत. वायरचं आवरण पीव्हीसी असेल तर HCl येतोच, ते बरोबर. पण हा गॅस ज्वाळेत फुटला की HF होतोच. ज्वाळा जितकी मोठी आणि विझायला जितका उशीर, तितका जास्त. म्हणून दहा सेकंदांत सगळा गॅस सुटला पाहिजे असं ठरवलेलं असतं. वासावरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत, पण काच बघा. हिशेबनीस, कपाटाच्या दाराची किंवा घड्याळाची काच दुधी झालीय का? HF काच कोरतं, HCl कोरत नाही.

आणि ज्यांचे डोळे चुरचुरले त्यांना खोकला, धाप असं काही असेल तर डॉक्टरांना "आगीत फुटलेल्या फ्लोरीनच्या गॅसचा धूर" असं स्पष्ट सांगू द्या.

लातूरचा_हिशेबनीस
दोघंही ठीक आहेत, त्याच दिवशी दाखवून आले होते.

काचेचं मी पाहिलं नव्हतं. आज शिपायाला फोटो काढायला लावला. घड्याळ स्वच्छ आहे. पण पेटलेल्या कपाटाच्या दाराची काच एका कोपऱ्यात धूसर दिसते. काजळी आहे की कोरलंय, फोटोत कळत नाही. ओल्या फडक्यानं पुसून बघायला सांगितलंय.

कपाशीवाला_मानवत
पुसून गेलं तर काका जिंकले, नाही गेलं तर मॅडम. मी मॅडमवर एक गठाण लावतो.

बंबवाला_निवृत्त
धुमसणारी नको 😀 आणि हिशेबनीस, काच नंतर पुसा, आधी यूपीएसचं बटण दाराबाहेर काढून घ्या. गॅस सुटायच्या आधी बॅटरीचा पुरवठा आपोआप तुटला पाहिजे, तशी वायर त्या पॅनेलमध्ये जोडता येते. बसवणाऱ्याला विचारा जोडली का नाही.

लातूरचा_हिशेबनीस
विचारलं. म्हणाला, "सोय आहे, तुमच्या इलेक्ट्रिशियननं वायर ओढली नाही." इलेक्ट्रिशियन म्हणतो त्याला कुणी सांगितलंच नाही. उद्या दोघांना एकत्र बोलावलंय.